ओला टी-शर्ट अंगावर इतक्या झटपट का गारठवतो? (वजनकाट्यावरचे तीन प्रयोग)

पायवाट
गेल्या आठवड्यात आम्ही दोघे एक डोंगर चढलो. वर पोचलो तेव्हा हवा १५ अंशांच्या आसपास होती आणि वारा बऱ्यापैकी होता. चढताना मी घामाने निथळत होतो, मित्र मात्र सावकाश आला. माथ्यावर बसलो आणि दहा मिनिटांत मला हुडहुडी भरली. मित्र अगदी मजेत. दोघांचेही सुती टी-शर्ट, फरक एवढाच की माझा ओला होता.

लहानपणापासून ऐकत आलोय, "ओल्या कपड्यात राहू नकोस." पण नेमकं होतं काय? शोधलं तर तीन कारणं मिळाली. पाणी वाळताना उष्णता घेतं, पाणी हवेपेक्षा पंचवीसपट उष्णता वाहून नेतं, आणि कपड्यातली अडकलेली हवा निघून जाते. तिन्ही कारणं खरी असतील, पण यातलं मोठं कोणतं? सगळीकडे तिन्ही एका ओळीत लिहून मोकळे होतात.

झुळूक
पंचवीसपट वाचलंत ना, मग उत्तर मिळालं की. पाण्याची उष्णतावाहकता ०.६, हवेची ०.०२५. भागाकार २४. म्हणजे ओल्या कपड्यातून कोरड्यापेक्षा पंचवीसपट वेगाने उष्णता जाते. बाकी दोन कारणं किरकोळ.

दोरीवरचे_कपडे
माझाही हाच प्रश्न आहे! पावसाळी हवेत सुती कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. पंख्याखाली टाकावेत की खिडकीशी?

पायवाट
@दोरीवरचे_कपडे, तुमचा प्रश्न कपडे वाळवण्याचा आहे, माझा माणूस वाळण्याचा :) पण थांबा, गाडी तुमच्या स्टेशनवरूनही जाईल असं वाटतंय.

@झुळूक, पंचवीसपट असतं तर मी दहा मिनिटांत थरथरलो नसतो, तिथेच आडवा झालो असतो. काहीतरी निसटतंय.

सूतगुंता
मी बरीच वर्षं कापड-चाचणीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. कापडातून उष्णता आणि वाफ किती जाते ते मोजायला आमच्याकडे एक छिद्रांची धातूची पट्टी असायची. ती ३५ अंशांवर राखायची, खालून पाणी द्यायचं आणि वर कापड ठेवायचं. थोडक्यात, घाम येणारी खोटी त्वचा. पट्टीचं तापमान टिकवायला किती वीज लागली, ते आमचं उत्तर.

झुळूक यांचा भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष चुकला. सगळं गणित हवेच्या मिलिमीटरमध्ये करून बघा, लगेच दिसेल.

कोरडा टी-शर्ट, त्याच्या विणीतली आणि त्याच्या आतली हवा मिळून समजा १ मिलिमीटर स्थिर हवेइतका अडसर. पण कपड्याच्या बाहेरच्या पृष्ठभागालाही हवेचा एक पापुद्रा चिकटलेला असतो. वारा नसेल तेव्हा, अंगातून किरणांनी जाणारी उष्णता हिशेबात धरूनसुद्धा, तो साधारण अडीच मिलिमीटर हवेच्या तोडीचा असतो. एकूण साडेतीन. आता टी-शर्ट भिजला. विणीत पाणी शिरलं, कापड अंगाला चिकटलं, तो एक मिलिमीटर गेला. त्याच्या जागी आलेला पाण्याचा थर हवेच्या एका मिलिमीटरच्या चोविसाव्या भागाइतकाच अडसर करतो, म्हणजे शून्यच धरा. पण बाहेरचा अडीच मिलिमीटरचा पापुद्रा गेलेला नाही, तो पाण्याने बदललेला नाही! साडेतीनचे अडीच झाले, म्हणजे उष्णता जाण्याचा वेग सुमारे १.४ पट झाला. पंचवीसपट नव्हे.

पंचवीसचा आकडा कुठे लागू होतो, तर बाहेरही पाणीच असेल तिथे. तळ्यात बुडालेल्या माणसाला तो जवळ जातो. हवेत बसलेल्याला नाही.

झुळूक
मान्य, बाहेरच्या पापुद्र्याचा विचारच केला नव्हता. पण मग जाड स्वेटरचं काय? त्यात हवा जास्त.

सूतगुंता
तिथे तुमचं म्हणणं बरंचसं खरं ठरतं. स्वेटरमध्ये ५ मिलिमीटर हवा धरा. कोरडा असताना साडेसात, पुरता भिजून चपटा झाला की अडीच. तिप्पट. आणि वारा सुटला की बाहेरचा पापुद्रा पाऊण मिलिमीटरपर्यंत पातळ होतो. मग कोरडा स्वेटर पावणेसहा, ओला पाऊण, म्हणजे जवळजवळ आठपट. (वारा विणीतून आत घुसतो, ते इथे धरलेलं नाही. प्रत्यक्षात कोरड्या स्वेटरचीही थोडी पडझड होतेच.) ज्याच्याकडे जास्त हवा, त्याचं भिजल्यावर जास्त नुकसान. पिसांचं जॅकेट याचं टोक: कोरडं असताना राजा, भिजलं की लगदा.

पण यात अजून बाष्पीभवन आलंच नाही. आणि पायवाट यांच्या टी-शर्टची खरी गोष्ट तिथे आहे असं माझं मत.

मेघमल्हारी
बाष्पीभवन कोरड्या हवेत होतं हो. पावसात, धुक्यात आर्द्रता १०० टक्के असते. तिथे पाणी वाळणारच नाही, मग बाष्पीभवनाने थंडी कशी वाजेल? आणि तरी धुक्यात भिजलं की गारठतोच ना? म्हणजे वहनच कारणीभूत. सरळ आहे.

सूतगुंता
हे मी प्रयोगशाळेत नव्या आलेल्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकलंय. १०० टक्के कशाच्या? त्या हवेच्या स्वतःच्या तापमानाला. १० अंशांची हवा तुडुंब भरली तरी एका घनमीटरमध्ये ९ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. तुमच्या अंगावरचं ओलं कापड २५ अंशांना असेल, तर त्याला अगदी चिकटून असलेल्या हवेत २३ ग्रॅम मावते. २३ कडून ९ कडे वाफ वाहणारच. थंड धुक्यात पळून आलेल्या माणसाच्या पाठीवरून वाफा निघताना पाहिल्या असतील, ते दुसरं काय आहे? १०० टक्के आर्द्रतेत कपडा दोरीवर वाळत नाही, कारण दोरीवरचा कपडा हवेइतकाच थंड असतो. अंगावरचा वाळतो, कारण आत शेगडी पेटलेली आहे.

दोरीवरचे_कपडे
अच्छा! म्हणजे माझे कपडे वाळत नाहीत कारण त्यांच्या आत माणूस नाही :D

पायवाट
हे वाचून राहवलं नाही. रविवारी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि काडीचा थर्मामीटर घेऊन बसलो. खोली २४ अंश, आर्द्रता निम्म्याच्या जवळ. टी-शर्ट कोरडा १६५ ग्रॅम. भिजवून, हाताने जमेल तेवढा पिळून ३४५ ग्रॅम. म्हणजे पाणी १८० ग्रॅम.

पहिला प्रयोग: पंखा बंद, ओला टी-शर्ट घालून अर्धा तास खुर्चीत शांत बसलो. ५२ ग्रॅम पाणी गेलं. कापड छातीवर २६ अंश. तसाच दुसरा ओला टी-शर्ट शेजारच्या रिकाम्या खुर्चीला घातला होता, त्यातून १८ ग्रॅमच गेलं.

दुसरा: पंखा समोरून. पंधरा मिनिटांत दात वाजायला लागले, उठलो. तेवढ्या वेळात ४० ग्रॅम गेलं. छातीवर २२ अंश.

तिसरा: ओल्या टी-शर्टवर कचऱ्याची मोठी पिशवी, डोकं-हातांना भोकं पाडून. पंखा सुरूच. (घरच्यांनी दार लोटून घेतलं.) अर्ध्या तासात ६ ग्रॅम. अंगाला किळसवाणं चिकचिकीत लागत होतं, पण हुडहुडी नाही.

आता कुणी या आकड्यांचं काय करायचं ते सांगा.

सूतगुंता
पिशवीसाठी सलाम. आता हिशेब.

त्वचेच्या आसपासच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल लागतात. पहिल्या प्रयोगात ५२ ग्रॅम अर्ध्या तासात, म्हणजे साधारण ७० वॉट. शांत बसलेला प्रौढ माणूस एकूण १०० वॉटच्या आसपास उष्णता तयार करतो. त्यातले ७० एकट्या टी-शर्टने खाल्ले. डोकं, हात, पाय, श्वास यांचा खर्च अजून बाकीच आहे. कापड २६ अंश होतं आणि हवा २४. म्हणजे हवा तुमच्या कापडाला काही देत नव्हती, ते सगळे ७० वॉट तुमच्या अंगातलेच.

दुसऱ्यात ४० ग्रॅम पंधरा मिनिटांत: १०७ वॉटच्या जवळपास. पण इथे सावध राहा. छातीवरचं कापड २२ अंश, हवा २४. कापड हवेपेक्षा थंड झालं की हवासुद्धा त्याला थोडी उष्णता पुरवते, म्हणजे १०७ मधला काही वाटा हवेने भरला. रिकाम्या खुर्चीवरच्या टी-शर्टमध्ये तर सगळाच खर्च हवेने केला, म्हणून तो इतका सावकाश वाळला. डोंगरमाथ्यावर मात्र ही सवलत मिळाली नसणार. १५ अंशांच्या हवेत तुमचं कापड बहुधा हवेपेक्षा गरमच राहिलं, मग हवा देण्याऐवजी वर आणखी घेऊन जाते.

आणि माथ्यावर पोचण्याच्या आधी तुम्ही चढत होतात, तेव्हा अंगात कित्येक पटींनी जास्त उष्णता तयार होत होती. बसलात, भट्टी विझली, खर्च तोच राहिला. दहा मिनिटांत हुडहुडी यात नवल काही नाही. तुमचा मित्र सावकाश चढला, त्याला हे बिल आलंच नाही.

शंकेखोर
पाणी थंड होतं म्हणून थंडी वाजली असं का नाही? पावसाचं पाणी गार असतंच की.

सूतगुंता
पहिला झटका त्याचाच बसतो, पण तो लवकर संपतो. १८० ग्रॅम पाणी १५ वरून ३० अंशांवर आणायला साधारण ११ किलोज्यूल लागतात. तेच पाणी वाळवायला ४३० च्या वर. जवळजवळ चाळीसपट. शांत बसून शरीर तासाभरात ३६० किलोज्यूल तयार करतं. म्हणजे एक पिळलेला टी-शर्ट अंगावर पूर्ण वाळवायचा तर तासाभराच्या कमाईपेक्षा जास्त खर्च. पायवाट यांच्या बाबतीत तर पाणी घामाचं होतं, गार नव्हतंच.

सतत पाऊस पडत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. नवं गार पाणी येत राहतं आणि गरम झालेलं निथळून जातं. तिथे हा झटका संपतच नाही.

मेघमल्हारी
मग पिळून घालण्याला काही अर्थ आहे का? आम्ही नेहमी पिळून परत घालतो आणि बरं वाटतं.

सूतगुंता
अर्थ आहे, पण वाटतो त्यापेक्षा वेगळा. कापड ओलं आहे तोवर वाळण्याचा वेग जवळपास तोच राहतो, पाणी जास्त असो की कमी. पिळल्याने वेग नाही, मुदत कमी होते. निम्मं पाणी पिळून काढलं तर निम्मं बिल माफ. शिवाय घट्ट पिळून झटकलं की विणीतली थोडी हवा परत येते आणि कापड अंगाला कमी चिकटतं. पॉलिएस्टरमध्ये हे जास्त जमतं, कारण त्याचा धागा स्वतः पाणी पीत नाही, पाणी फक्त धाग्यांच्या मधे राहतं. सुती धागा पाणी पिऊन लिबलिबीत होतो आणि उभा राहायचं सोडतो.

निळाई
मी स्कूबा डायव्हिंग करते, म्हणून एक आडवी शंका. आमचा वेटसूट आतून ओला असतो, तरी उबदार. आम्हाला शिकवलं होतं की आत शिरलेलं पाणी अंगाने तापतं आणि तेच ऊब देतं. मग ओला टी-शर्ट ऊब का देत नाही? तिथेही पाणी तापतंच की.

झुळूक
यावेळी मी बोलतो! वरच्या हिशेबाने पाणी ऊब देऊच शकत नाही. ऊब देते ती सूटच्या रबरातल्या बुडबुड्यांमधली हवा. निओप्रीन म्हणजे बंद बुडबुड्यांचा स्पंज, त्यात पाणी शिरत नाही. बरोबर ना?

सूतगुंता
शंभर टक्के. आतल्या पाण्याचं काम एवढंच की त्याने जागेवर राहावं. सूट ढिला असेल तर तापवलेलं पाणी बाहेर आणि गार पाणी आत, असा पंप सुरू होतो. ऊब बुडबुड्यांची. याचा पुरावा निळाई यांच्याकडेच असेल: खोल गेल्यावर सूट पातळ होतो का?

निळाई
होतो! वीस-पंचवीस मीटरवर हाताने चाचपलं तरी कळतं, आणि तिथे गारठाही जास्त. आम्ही म्हणायचो खालचं पाणी गार असतं म्हणून. तेही असेलच, पण बुडबुडे दबतात हे डोक्यात आलं नव्हतं. आणखी एक. सगळ्यात वाईट थंडी पाण्यात नाही, बोटीवर चढल्यावर वाजते. उन्हातसुद्धा. म्हणून आम्ही ओल्या सूटवरच विंडचीटर चढवतो.

सूतगुंता
म्हणजेच पायवाट यांची कचऱ्याची पिशवी, जरा देखणी आवृत्ती.

शंकेखोर
पिशवीच्या प्रयोगावर माझा आक्षेप आहे. पिशवीने बाष्पीभवन थांबवलं हे खरं, पण तिने वाराही अडवला आणि टी-शर्टच्या बाहेर हवेचा नवा थरही तयार केला. तीन गोष्टी एकदम बदलल्या. मग "बाष्पीभवनच मोठं" हे कशावरून?

पायवाट
हे मला सुचलं नव्हतं. खरंय.

सूतगुंता
आक्षेप रास्त आहे. कोरडा टी-शर्ट अधिक पिशवी आणि ओला टी-शर्ट अधिक पिशवी अशी तुलना हवी, आणि "दात वाजले" याऐवजी त्वचेचं तापमान मोजायला हवं. टी-शर्टपुरता माझा कौल तरी बदलत नाही, कारण ७० वॉट हे थेट वजनावरून आलेत, पिशवीवरून नाही. जाड, भिजलेल्या लोकरी कपड्यात वाऱ्यामध्ये हवा जाण्याचं नुकसान मोठं की बाष्पीभवनाचं, हे कापडागणिक बदलतं. मी एका वाक्यात सांगणार नाही.

मेघमल्हारी
पण लोकर ओली झाली तरी ऊब देते म्हणतात ना? तिला हे नियम लागू नाहीत?

सूतगुंता
लागू आहेत, फक्त उशिरा. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा पोटात घेऊनही हाताला ओला लागत नाही. आणि त्याचे कुरळे वेटोळे भिजल्यावरही बऱ्यापैकी उभे राहतात, म्हणून थोडी हवा टिकते. थोड्या घामात, रिमझिमीत ती सुतापेक्षा खूप पुढे. पण बादलीत बुडवलेला लोकरी स्वेटर उबदार असतो असं कुणी म्हणालं तर त्याला तो घालून वाऱ्यात उभं करा.

निळाई
व्यवहाराचं विचारते. डोंगरावर भिजलो, बदलायला काही नाही. काढावं की ठेवावं?

सूतगुंता
कोरडं असेल आणि आडोसा असेल तर काढून कोरडं घाला, यात वादच नाही. कोरडं काहीच नसेल किंवा उघड्या वाऱ्यात कपडे उतरवावे लागणार असतील, तर पिळून परत घाला आणि वरून वाफ न जाऊ देणारं काहीही गुंडाळा. पिशवी, रेनकोट, ताडपत्री. वाफ अडली की मोठा खर्च अडतो. त्यावर मिळेल तेवढी हवा धरणारं पांघरूण. आणि खाली जमिनीवर थेट बसू नका, तिथे वहन खरोखर जोरात होतं.

लक्ष ठेवायचं ते बोटांवर आणि बोलण्यावर. चेन लावता येत नाही, शब्द जड होतात, चालताना अडखळायला होतं, उगाच चिडचिड. आणि हुडहुडी भरलेला माणूस गरम न होताच थरथरायचा थांबला, तर तो सुधारत नाहीये, बिघडतोय. लगेच मदत मागवा. यासाठी बर्फ लागत नाही. १० अंश, वारा आणि ओले कपडे पुरतात.

दोरीवरचे_कपडे
सगळं वाचलं. एक शेवटचं, हसू नका. थंडीत सकाळी दोरीवरचे कपडे काढते, हाताला ओले लागतात. घरात आणून ठेवले की पाच मिनिटांत "वाळतात". एवढ्यात कसे वाळतील?

सूतगुंता
हसण्यासारखं काहीच नाही, धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलात. आपल्या त्वचेत ओलावा ओळखणारी वेगळी यंत्रणाच नाही. थंडावा आणि स्पर्श यांची बेरीज करून मेंदू "ओलं" असा अंदाज बांधतो. तुमचे कपडे बहुधा दोरीवरच वाळलेले असतात, फक्त थंड असतात. पायवाट यांचा काटा उसना घ्या आणि काढल्याबरोबर एकदा, पाच मिनिटांनी एकदा वजन करा.

पायवाट
काटा सध्या जप्त आहे. पिशवीच्या प्रकरणानंतर.

दोरीवरचे_कपडे
माझ्याकडे आहे. आज एक मोजला. दोरीवरून काढला तेव्हा २१२ ग्रॅम, घरात पाच मिनिटांनी २११. हाताला मात्र आधी ओला, नंतर कोरडा. पण दुसरा, जाड टॉवेल, ४९० वरून ४८७ झाला आणि अजूनही ओलाच लागतोय. याचं काय?

शंकेखोर
तो ओलाच असेल हो.